मेंबर बारा हजार, जाहिरात २०१९ ची

"आपल्या ग्रुपवर फक्त १००% व्हेरिफाइड जाहिराती येतात. १२,००० मेंबर आहेत, खोटं असतं तर एवढे लोक थांबले असते का? पीडीएफ आणि सरकारी लोगो आहे म्हणजे जाहिरात खरीच. फीची भीती बाळगू नका, परीक्षा दिली की फी परत मिळते. गरजूंपर्यंत पोचवा."

हे मला माझ्या भाच्याने पाठवलं, आणि तेही ५४९ रुपये भरून झाल्यावर. मी त्याला फॉर्म भरायच्या आधी मला विचार म्हणून दहादा सांगितलं होतं, त्यावर त्याचं म्हणणं, "मावशी, पीडीएफ होती ना सोबत." म्हणून आधी पीडीएफचंच बोलते, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथेच फसतात.

पोस्ट होती रेल्वे ग्रुप डीची. १,०३,७६९ जागा, दहावी पास, पगार १८,००० पासून, शेवटची तारीख १२ एप्रिल. वर्ष कुठेच नाही. सोबतची पीडीएफ मी मोबाईलवर उघडली तर ती खरी होती! अगदी रेल्वेचीच, एकही अक्षर बनावट नाही. फक्त पहिलं पान नव्हतं, फाईल थेट दुसऱ्या पानापासून सुरू होत होती. पण वयाच्या अटीचा तक्ता काढायचं त्या माणसाला सुचलं नाही, आणि तिथे स्वच्छ लिहिलंय की वय १८ ते ३३, आणि ते मोजायचं 01.07.2019 रोजी. माझा भाचा २००४ चा, म्हणजे त्या दिवशी तो जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता!

मग मी १,०३,७६९ हा आकडा जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला. दोन मिनिटांत सापडलं, या जाहिरातीचा क्रमांक आहे CEN RRC-01/2019. अर्ज १२ मार्च ते १२ एप्रिल २०१९, परीक्षा झाली ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, निकाल लागून भरती होऊन लोक नोकरीला पण लागले. त्यानंतर रेल्वेने याच पदांसाठी नवीन जाहिरात काढली, CEN 08/2024, तिच्यात ३२,४३८ जागा, वयाची अट १८ ते ३६ आणि अर्ज सुरू झाले २३ जानेवारी २०२५ ला. म्हणजे आकडा वेगळा, वय वेगळं, तारीख वेगळी. जागांचा आकडा हा जाहिरातीच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो, पाच-सहा आकडी संख्या दोन भरत्यांत सहसा सारखी येत नाही. जुनी पोस्ट नवी करणारे तारीख बदलतात, फोटो बदलतात, पण आकडा ठेवतात कारण मोठा आकडा बघूनच लोक क्लिक करतात. त्यामुळे कुठलीही पोस्ट आली की आधी जागांचा आकडा आणि जाहिरात क्रमांक शोधायचा, मग वय कोणत्या तारखेला मोजलंय ते बघायचं. जाहिरात क्रमांक नसलेली सरकारी भरतीची पोस्ट मी तरी पुढे वाचतच नाही.

आता फीचं. इथे अर्धं खरं आहे हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. रेल्वे खरंच फी परत देते, जनरलवाल्यांचे ५०० मधले ४०० आणि मुली, एससी, एसटी वगैरेंचे २५० चे २५०, बँकेचा चार्ज कापून, पहिल्या टप्प्याची परीक्षा दिल्यावर. पण हे रेल्वेचं झालं, सगळ्यांचं नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत हजार आणि नऊशे रुपये फी होती आणि ती परत मिळणार नाही असं जाहिरातीतच होतं. आणि रेल्वे सुद्धा पैसे परत देते ते तिच्या साईटवर, तुमच्या नावाने रजिस्ट्रेशन झाल्यावर, अर्जाच्या आतमध्ये भरलेल्या फीचे. भाच्याने पैसे भरले ते ग्रुपवर आलेला क्यूआर कोड स्कॅन करून, आणि समोर नाव आलं एका माणसाचं. माणसाचं! रेल्वे भरती बोर्ड कुणाच्या पर्सनल खात्यावर फी घेत नाही हो, ५४९ असा विचित्र आकडा तर रेल्वेच्या फीमध्ये नाहीच.

लिंकचं थोडं सांगते. पोस्टमधली लिंक साधारण अशी होती, नाव मी बदललंय:

```
https://rrbapply.gov.in.form-bhara.xyz/apply
```

वाचताना डोळा gov.in वर थांबतो, पण https:// नंतर जो पहिला एकेरी तिरका दांडा येतो त्याच्या लगेच डावीकडचा तुकडा बघायचा. इथे तो form-bhara.xyz आहे, त्याआधी काहीही लिहिलं तरी मालक तोच. खरी साईट rrbapply.gov.in वरच संपते. उलट सगळ्या खऱ्या लिंक gov.in च्या असतात असंही समजू नका, २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीचे अर्ज ibpsonline.ibps.in वर होते आणि पोलीस भरतीचे mahait.org वर, दोन्ही खरे. त्यामुळे लिंक ग्रुपवरून उघडायचीच नाही, त्या खात्याच्या मूळ साईटवर जाऊन तिथून फॉर्मपर्यंत जायचं. तिथे नसेल तर नाही.

मेंबरांच्या संख्येवर फार बोलायची गरज नाही. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा १०२४ लोकांची आहे, तर हे १२,००० म्हणजे एकतर टेलिग्राम नाहीतर बऱ्याच ग्रुपांची बेरीज, आणि त्यातले निम्मे म्यूट करून बसलेले असतात. त्यापेक्षा हे बघा की ग्रुपमध्ये मेंबरला लिहिता येतं का. भाच्याच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन पोस्ट टाकू शकतो, म्हणजे "अहो ही जुनी आहे" असं शंभर जणांना कळलं तरी सांगणार कुठे? मी त्या ग्रुपच्या शेवटच्या वीस पोस्ट वर सरकवत बघितल्या, जाहिरात क्रमांक, वर्ष आणि खात्याची साईट हे तिन्ही असलेल्या तीन निघाल्या. त्या तीन खऱ्या होत्या हे पण सांगते, एक तर वेळेत आलेली आणि उपयोगाची होती. बाकीच्या सतरा ॲडमिनच्या स्वतःच्या जाहिरातींनी भरलेल्या ब्लॉगवर नेत होत्या, नाहीतर "फॉर्म भरून मिळेल" च्या नंबरवर.

आणि पोस्टवर दोन बाणांचं "बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेले" असं लेबल दिसत असेल तर तो खरेपणाचा शिक्का नाही, तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय एवढंच ते सांगतं. केंद्र सरकारच्या भरतीचा संशय असेल तर पीआयबी या केंद्राच्याच माहिती खात्याच्या फॅक्ट चेकला 8799711259 वर व्हॉट्सॲपने पाठवता येतं.

भाच्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकली, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा नंबर जोडून. उशीर झाला होता, तीन दिवस गेले होते, पैसे अजून आलेले नाहीत. काल रात्री त्याने मला त्याच ग्रुपचा नवीन स्क्रीनशॉट पाठवला. शेवटची तारीख आता ३० एप्रिल झालीये, वर लाल अक्षरात "मुदतवाढ" लिहिलंय, आणि खाली जागा तेवढ्याच, १,०३,७६९.