नवरी निळी पडू नये म्हणून

अमळनेरात माझं फ्लेक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आसपासच्या बऱ्याच पार्लरच्या पाट्या माझ्याच मशीनमधून निघाल्यात. त्यामुळे आमच्या हिने ब्रायडल मेकअपचा कोर्स करून स्वतःचा स्टुडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा नाव आणि पाटी या दोन गोष्टींत घरचे माझा सल्ला घेतील असं कुणालाही वाटलं असतं. घरच्यांना तसं वाटलं नाही. छापणारा तो छापणारा, ठरवणारे वेगळे.

नावांचा पाऊस पडला. आईला कानबाई देवीचं नाव हवं होतं. मेहुणीने हिच्या आणि पोरीच्या नावाची पहिली अक्षरं जोडून एक शब्द बनवला, तो ऐकून खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. हिचं स्वतःचं मन 'ग्लो अँड ग्रेस'वर जडलं होतं. मी म्हटलं, "नाव चांगलं आहे, पण ते वाचणारं गिऱ्हाईक नाही तुझं, ऐकणारं आहे."

आमच्याकडे नवरीच्या मेकअपचं कसं ठरतं ते सांगतो. नवरी मोबाईलवर फोटो बघत बसते हे खरं, पण पैसे काढतात तिचे वडील आणि शब्द चालतो आत्याचा. आत्या ते नाव दुसऱ्या लग्नात, बँडच्या आवाजात, तिसऱ्या बाईला सांगते. त्या गोंगाटातून जे नाव धड पोचतं तेच खरं. म्हणून मी तिथल्या तिथे खेड्यावरच्या आत्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि नाव एकदाच सांगितलं.

"ग्लुकोज?" आत्या म्हणाली. "सलाईन लावतस का तठे?"

ही आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं असं नाही.

मग निकष ठरले. नाव एका दमात बोलता यावं आणि त्यात जोडाक्षर नसावं. जोडाक्षराचा मुद्दा माझा, आणि तो धंद्यातला आहे. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये नेला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ऑपरेटर घाईत असेल तर तसंच छापून मोकळा होतो. म्हणून फाईल पाठवताना अक्षरं 'कर्व्ह' करून पाठवायची असतात, म्हणजे ती अक्षरं न राहता चित्र होतात आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच उघडतात. हे मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो. घरी कशाला ऐकतील?

शेवटी 'करवली' हे नाव निघालं, तेही आईच्या तोंडून, भरताची वांगी भाजता भाजता. "नवरीच्या मागे उभी राहून तिचा पदर, मुंडावळ्या, घाम, समदं कोण सांभाळतं? करवली. मग तेच ठेवा." आत्याने फोनवर ते पहिल्याच फटक्यात बरोबर ऐकलं. ट्रेडमार्कच्या साईटवर ४४ क्रमांकाच्या वर्गात, म्हणजे सौंदर्यसेवांच्या वर्गात, शोधून बघितलं. 'नवरी मेकअप'सारखं थेट कामाचंच वर्णन करणारं नाव नोंदवताना अडतं, करवलीला ती अडचण कमी. व्यक्तीच्या नावाने ऑनलाईन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे. ही म्हणाली, एवढ्यात चांगलं फाउंडेशन येतं, पुढच्या सीझनला बघू.

इन्स्टाग्रामवर मात्र वेगळीच गंमत झाली. तिथलं युजरनेम रोमन लिपीतच लागतं. karavali टाकून शोधलं तर समुद्र, नारळ आणि तळलेले मासेच मासे. कर्नाटकाच्या किनारपट्टीला करावळी म्हणतात, तिच्याशी आम्ही काय स्पर्धा करणार? मधला एक a काढला, गावाचं नाव जोडलं आणि karvali.amalner घेतलं.

आता रूप. हिला 'रोज गोल्ड' हवा होता. मी सांगितलं की मोबाईलच्या पडद्यावर सोनं चमकतं, कारण तिथे मागून उजेड असतो आणि डिझाईनवाल्याने गडद-फिका असा खेळ केलेला असतो. माझ्या मशीनमध्ये निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया आहेत, त्यांतल्या एकीतही चमक नाही. पत्रिकेवर सोनं हवं तर वेगळी फॉईल दाबावी लागते, फ्लेक्सवर ती सोय नाही. पटेना, म्हणून फूटभर तुकडा छापून दिला. हिने तो उजेडात धरला. आईने चष्मा लावून विचारलं, "कांद्याच्या टरफलाचा रंग मुद्दाम घेतलाय का?" रोज गोल्ड तिथे संपला.

मग आला नवरीचा फोटो. प्रत्येक फ्लेक्सवाल्याच्या फोल्डरमध्ये डाउनलोड केलेली एक नवरी असते, डोळे मिटलेली, हातात मेंदी. तीच बाई पाच गावांतल्या पाच पार्लरवर मिटल्या डोळ्यांनी उभी आहे. तिची परवानगी कुणी घेतली नाही हा एक भाग. दुसरा भाग आमच्या उन्हाचा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि फ्लेक्सवरच्या शायांपैकी गुलाबी आणि पिवळी आधी उडतात, निळी आणि काळी मागे राहतात. गोऱ्या कातडीचा रंग गुलाबी आणि पिवळ्यातूनच बनतो. म्हणजे एकदोन उन्हाळ्यांत नवरी निळी पडते. मेकअप स्टुडिओच्या दारावर निळी नवरी! आमच्या रस्त्यावर अशी एक आहे. लोक तिला बघून पत्ता सांगतात, आत मात्र कुणी जात नाही.

फोटो रद्द झाल्यावर हिने रेघांतलं चित्र आणलं, केसासारख्या बारीक रेघेत चेहरा आणि नथ. कागदावर सुरेख. प्रोफाईलच्या गोलात घातलं तर रेघा गायब, नथीचे मोती तेवढे उरले आणि नाकावर पुटकुळ्या आल्यासारखे दिसू लागले. चेहरा काढून नुसती ठसठशीत नथ ठेवली. ती झेरॉक्सवर काळ्या रंगात मारून शेजारच्या किराणा दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, "काजूची एजन्सी घेतली का भाऊ?" तेव्हा नथीच्या खाली लोंबता मोती मोठा केला, आतली नक्षी काढून टाकली आणि मोत्यांमध्ये मोकळी जागा सोडली. आता ती रबरी शिक्क्यातही नथच दिसते.

पाटीला फ्लेक्स नाही. मरून पत्र्यावर पांढरी ॲक्रिलिकची अक्षरं, कारण त्यांचा रंग वरून मारलेला नसतो, आरपार असतो. हिला इंग्रजी अक्षरं मोठी आणि मराठी खाली बारीक हवी होती. पण राज्याच्या दुकान कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानालाही देवनागरी पाटी लागते, मराठी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही. घरात माझ्या बाजूने बोललेली ही पहिली व्यक्ती, आणि ती निघाली सरकार.

पाटी लागली. पहिला फोन पारोळ्याहून आला. हिने हात पुसत उचलला. पलीकडची बाई म्हणाली, "तुमच्याकडे फक्त करवलीचाच मेकअप होतो ना? नवरीचं आम्ही दुसरीकडे बघितलंय, करवल्या चार आहेत, रेट सांगा."

हिने माझ्याकडे असं बघितलं की मी आईकडे बघितलं. मग हिने चार करवल्यांचा रेट सांगितला, बुकिंग घेतलं आणि फोन ठेवून मला म्हणाली, "नावाखाली 'नवरीचा मेकअप' अशी ओळ टाका. आजच."

ॲक्रिलिकची अक्षरं इंचावर मोजतात. बिल मी घरच्या पत्त्यावर पाठवलंय, नथीच्या शिक्क्यासकट. अजून उधारीवर आहे.