त्या बहात्तर सेकंदांबद्दल

शाळेच्या परिपाठातल्या सूचना माइकवरून एका मिनिटात कशा वाचाव्यात, यावर मी लेख लिहिला होता. प्रत्येक ठिकाणी वार आणि तारीख दोन्ही सांगा असं त्यात म्हटलं होतं, आणि नमुनाही दिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया: «मॅडम, लेख वाचला. तुमचा 'एका मिनिटाचा' नमुना मी मोबाइलवर वेळ लावून मोठ्यानं वाचला. ७२ सेकंद लागले. वार सांगितल्यावर तारीख पुन्हा कशाला? तिथंच वेळ जातो. जिंकलेल्या मुलांची नावं फळ्यावर लिहावीत, माइकवर नकोत. शिवाय सात सूचना एका दमात कोणाच्या लक्षात राहणार? मैदानात उभं राहून कधी सूचना वाचल्या आहेत का, असा प्रश्न पडला.»

नमस्कार. आपण वेळ काढून वाचलंत, वर मोजलंतही, त्याबद्दल आभार. ७२ सेकंद हे मान्य. मी सुरुवातीची «शांत उभे राहा, पुढील सूचना लक्षपूर्वक ऐका» आणि शेवटची «हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा» ही दोन्ही टोकं तशीच ठेवली होती. बारा सेकंद तिथंच गेले. चूक माझी, दुरुस्त केली आहे, नवा नमुना खाली दिला आहे.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य कशासाठी होतं? मुद्दा पटला नाही तर तसं म्हणावं, माणसाची हजेरी घेऊ नये. विचारलंच आहे म्हणून सांगते. परिपाठाच्या सूचना मी चौदा वर्षं वाचल्या. त्यातली पहिली तीन वर्षं वाईट वाचल्या, आणि तारखेबद्दल मी जे लिहिलं ते त्या तीन वर्षांतूनच आलं आहे.

एका मंगळवारी मी वाचलं, «सहलीचे संमतीपत्र परवापर्यंत द्यावे.» कागद सोमवारी लिहिलेला होता. सोमवारी पावसामुळे परिपाठ झाला नाही, म्हणून तोच कागद दुसऱ्या दिवशी हातात आला. लिहिणाऱ्याच्या मनात बुधवार होता, ऐकणाऱ्यांनी गुरुवार धरला. गुरुवारी एक अख्खी रांग संमतीपत्रं घेऊन कार्यालयासमोर उभी, आणि यादी आदल्या संध्याकाळीच बंद झालेली. आपल्या भाषेत 'परवा' पुढचाही असतो आणि मागचाही, ही आणखी एक गंमत. तेव्हापासून माझ्या कागदावर उद्या, परवा, येत्या आठवड्यात यातलं काहीही येत नाही. 'आज' चालतं, कारण पहिल्याच ओळीत मी आजचा वार आणि तारीख सांगते. कागद शिळा असेल तर ती ओळ वाचतानाच कळतं.

आता नुसता वार का पुरत नाही ते. सोमवारी «शनिवारी शाळा लवकर सुटेल» म्हटलं तर पाच दिवसांनंतरचा शनिवार की त्याच्या पुढचा, हे सहावीतलं मूल विचारत नाही, आपल्याला हवा तो धरतं. आणि नुसती तारीखही पुरत नाही. दहा आणि सहा माइकवरून जवळजवळ सारखे ऐकू येतात, बारा-तेराचंही तेच. मैदानात दोन कर्णे असतील तर लांबच्या कर्ण्याचा आवाज उशिरा पोचतो. ध्वनीला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे मागच्या रांगेला प्रत्येक आकडा किंचित दोनदा ऐकू येतो आणि पहिलं अक्षर तेवढं खाल्लं जातं. «बुधवारी, दहा तारखेपर्यंत» म्हटलं की 'दहा' निसटला तरी बुधवार हाती राहतो. 'सहा' ऐकू आलं तरी मूल स्वतःच दुरुस्त करतं, कारण आज आठ तारीख आहे हे त्यानं नुकतंच ऐकलेलं असतं. वार आणि तारीख एकमेकांची राखण करतात. याला तुम्ही 'पुन्हा' म्हणता.

आणि वेळेचं म्हणाल, तर 'बारा तारखेला' म्हणायला सेकंदभर लागतो. नमुन्यात तारीख पाच ठिकाणी आहे. सगळ्या काढल्या तरी पाच-सहा सेकंद वाचतील, तुमचे बारा भरणार नाहीत. वेळ कुठं जातो ते दाखवते. मूळ यादीतली एक सूचना अशी होती:

«सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना कळविण्यात येते की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आठवी ते दहावीसाठी वक्तृत्व स्पर्धेचे आयोजन शुक्रवार दि. १२ रोजी करण्यात आले असून इच्छुकांनी आपली नावे बुधवार दि. १० पर्यंत सावंत बाईंकडे नोंदवावीत.»

यात मुलाला लागणाऱ्या गोष्टी पाचच आहेत: काय, कोणासाठी, नाव कधीपर्यंत, कोणाकडे, स्पर्धा कधी. बाकी सगळं कागदाला शोभतं, तोंडाला नाही. शिवाय यात एक सापळा आहे. स्पर्धेची तारीख आधी आणि नाव देण्याची नंतर, म्हणून बरीच मुलं स्पर्धा दहालाच आहे असं समजून जातात. जी तारीख आधी उजाडते ती आधी म्हणायची. आणि वर्ग सुरुवातीला घ्यायचा, म्हणजे सहावी-सातवीला तेवढं सोडून देता येतं आणि ज्यांचं आहे ते कान टवकारतात. वर्ग शेवटी आला की आपल्यासाठी होतं हे कळेपर्यंत तारीख निघून गेलेली असते.

हा दुरुस्त नमुना. नावं काल्पनिक आहेत.

«आज सोमवार, आठ तारीख. सूचना सात.
सहावी ब: आरोग्य तपासणी आज, मधल्या सुट्टीनंतर, खोली नऊ.
सातवी अ: आजचा शेवटचा तास जोशी सरांऐवजी कदम बाई घेतील.
आठवी ते दहावी, वक्तृत्व: नावं बुधवारी, दहा तारखेपर्यंत सावंत बाईंकडे. स्पर्धा शुक्रवारी, बारा तारखेला.
सर्व वर्ग: ग्रंथालयाची पुस्तकं शुक्रवारी, बारा तारखेपर्यंत परत.
सर्व वर्ग: शनिवारी, तेरा तारखेला शाळा साडेदहाला सुटेल.
निळी पाण्याची बाटली सापडली आहे, कार्यालयात मिळेल.
बुद्धिबळात जिंकले: आठवी अ, सायली मोरे. आठवी क, रोहन पवार. नववी ब, इम्रान शेख.»

प्रत्येक सूचनेनंतर एक श्वास घेऊन, माइकवर, ५४ सेकंद.

विजेत्यांची नावं फळ्यावर टाका म्हणता. फळ्यापाशी सायली मोरे एकटी जाऊन वाचेल. इथं तिचं नाव सगळ्या शाळेसमोर घेतलं जातं, त्याला चार सेकंद लागतात, ते मी देणार. आडनाव आणि वर्ग का, तर आठवीत सायली दोन आहेत. नुसतं 'सायली' म्हटलं की दोघींच्याही मैत्रिणी टाळ्या वाजवतात आणि एकीला मग खाली बघावं लागतं. नावं आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारून उच्चारासकट लिहून घ्यावीत. अडखळलेलं नाव दुरुस्त करण्यात जेवढे सेकंद जातात, तेवढ्यात एक अख्खी सूचना होते.

सात सूचना लक्षात राहत नाहीत, हे तुमचं म्हणणं. राहू नयेतच, एका मुलाच्या वाट्याला त्यातल्या तीन-चारच येतात. उरलेलं फळ्यावर असतं. त्यावर आणखी काय बोलायचं?

पुन्हा मोजणार असाल तर कृपा करून खोलीत मोबाइलसमोर नको. मैदानात, माइक हातात घेऊन, शेवटच्या रांगेत एका मुलाला वही देऊन मोजा. आपलं घड्याळ नंतर बघा, आधी त्याच्या वहीत दहा लिहिलंय की सहा ते बघा.