दाजी, तो आवाज त्याचा नाही!

रविवारी जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर पसरले. ‘पुष्पा’ लावायचं ठरलं. मी रिमोट घेतला, ऑडिओ तेलुगू केला, खाली सबटायटल लावली. दोन मिनिटं झाली नाहीत तोच दाजी म्हणाले, "हे काय लावलंस? हिंदी लाव की! वाचायला बसलोय का आपण?" झालं. पुन्हा हिंदी. दर वेळी हिंदीच. डोकं फिरतं माझं!

या सिनेमासाठी अल्लू अर्जुनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो काय नुसता एक खांदा वर करून चालल्याबद्दल? सिनेमातला पुष्पा शेषाचलमच्या जंगलात रक्तचंदन तोडणारा चित्तूरकडचा मजूर आहे आणि तो अख्खा सिनेमा तिकडच्या ठसक्यात बोलतो. ‘तग्गेदे ले’ हेच घ्या. ‘लेदू’ म्हणजे नाही. त्यातला ‘दू’ गिळून तो नुसतं ‘ले’ म्हणतो, आणि माणूस कुठल्या मातीतला आहे ते त्या गिळलेल्या अक्षरातच कळतं. हिंदीत त्याचं झालं ‘मैं झुकेगा नहीं’. म्हणजे चित्तूरचा मजूर थेट मुंबईच्या नाक्यावर येऊन उभा! उद्या एखाद्या मालवणी म्हाताऱ्याला लखनवी बोलायला लावलं तर दाजींना चालेल?

आता लगेच म्हणतील, श्रेयस तळपदेनं काय झकास आवाज दिलाय! दिलायच. मराठी माणूस म्हणून मलाही कौतुक आहे. पण ते काम श्रेयसचं आहे हो. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. शाबासकी द्यायची तर दोघांना वेगवेगळी द्या. पण हिंदीत बघून ‘अल्लू अर्जुनचा अभिनय बघितला’ असं मला सांगू नका.

दाजींचा हुकमी एक्का ठरलेला: "अरे, तेलुगूतही स्टुडिओत नंतरच डबिंग करतात." बरोबर आहे. आपल्याकडे बरेच सिनेमे तसेच होतात. पण तिथे माइकसमोर तोच माणूस उभा असतो. आपण कुठे श्वास रोखला होता, कुठे आवंढा गिळला होता, हे त्याच्या अंगाला आठवतं. दुसऱ्या भाषेतल्या कलाकाराला मात्र ते पडद्यावरून हुडकावं लागतं, तेही ओठ सांभाळून. पडद्यावर ओठ मिटले की इकडे प, ब, म असलं काहीतरी यायला हवं. म्हणून मग नेमका शब्द बाजूला पडतो आणि तोंडात बसणारा शब्द येतो. वाक्य आखूड पडलं की ‘सुनो’, ‘अरे’, ‘समझे’ अशा पाचरी ठोकतात. मूळ नटानं जिथे गप्प राहून मारलेलं असतं, तिथे हा बडबडतो!

आणि ते अंतर! नट वीस फुटांवर पाठमोरा उभा आहे, पण आवाज आपल्या कानाशी. घाईत केलेल्या डबिंगमध्ये तर हुंदका, धाप, नाक ओढणं सगळं एकाच बंद खोलीतलं वाटतं. खात्री करायची असेल तर डोळे मिटून ऐका. पात्र खोलीत आहे की रानात, हे ओळखता आलं नाही तर समजा.

सबटायटलवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. जागा साधारण दोन ओळींची, म्हणून अर्धी वाक्यं छाटतात. कधी विनोद नटाच्या तोंडून येण्याआधीच खाली छापून मोकळे होतात. नजर खाली गेली की पापणीची एखादी हालचाल निसटते, हेही खरं. पण निसटलेलं मागे नेऊन बघता येतं. जे काढूनच टाकलंय ते कुठून आणणार?

एवढं सगळं मी दाजींना ऐकवलं. आवाज जरा चढलाच. मग ताई म्हणाली, "आणि आईनं काय करायचं?"

इथे मी गप्प. आई रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिला वाचायचा कंटाळा नाही, पण ती वाचते मराठी. आमच्या ॲपमधल्या यादीत इंग्रजी होतं, मराठी नव्हतं. तीनदा वर-खाली करून पाहिलं. बारा कोटी लोकांच्या राज्यात दोन ओळी मराठीत छापायला यांचं काय जातं? ऑडिओ चार-पाच भाषांत देता, आणि नुसती अक्षरं द्यायला हात आखडता?

आई म्हणाली, "जाऊ दे रे, हिंदीच राहू दे."

दाजींनी रिमोट घेतला. वर हसलेसुद्धा.