'शून्य भांडवला'चा हिशेब

"नोकरीच्या गुलामीतून बाहेर पडा! विमा एजंट किंवा प्रॉपर्टी ब्रोकर व्हा. 1) भांडवल शून्य, रिस्क शून्य. 2) पॉलिसी एकदा विका, कमिशन आयुष्यभर खा. 3) एक घर विकलं की सहा महिन्यांचा पगार सुटला. 4) ना बॉस, ना टार्गेट. 5) पहिल्याच वर्षी पगाराच्या दुप्पट कमाई. मेहनत करणाऱ्याला लिमिट नाही!"

हे माझ्या भाच्याने मला पाठवलं, आणि सोबत विचारलं, "मामा, राजीनामा एका महिन्याच्या नोटिशीवर देऊ की लगेच?" म्हणून हे लिहितोय. मी बरीच वर्षं विमा विकला, पुढे नवे एजंट नेमून त्यांना तयार करणं हेच माझं काम होतं. त्यामुळे असा मेसेज कोण लिहितं आणि का लिहितं, हे मला चांगलं ठाऊक आहे. एजंट नेमणाऱ्याला तुमच्या प्रत्येक धंद्यावर वरकड कमिशन मिळतं. तुम्हाला पगार द्यायचा नसल्याने दहा माणसं घेतली काय नि पन्नास घेतली काय, त्याच्या खिशाला चाट बसत नाही. त्यातली बहुतेक वर्षभरात गळाली तरी त्यांनी आणलेल्या पॉलिसी कंपनीकडे राहतातच.

पहिल्या मुद्द्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळी वाट तिथेच लागते. भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हातात एक कोरा तक्ता येतो. धंद्यात त्याला 'प्रोजेक्ट 100' म्हणतात. फोनमधले शंभर ओळखीचे लोक उतरवून काढायचे: नाव, नातं, वय, अंदाजे उत्पन्न, मुलं किती, आणि शेवटच्या रकान्यात 'किती जवळचे' याला गुण. हा तक्ता म्हणजेच तुमचं भांडवल. फक्त ते पैशात मोजलेलं नाही आणि तुम्ही ते कंपनीच्या हवाली करताय, हे कुणी सांगत नाही. पहिली पॉलिसी बहुतेक वेळा स्वतःचीच घ्यायला लावतात, दुसरी घरातल्याच कुणाची. त्यानंतर मावशी, शाळेतला मित्र, जुना सहकारी.

आता मावशीचं काय होतं ते बघा. तिला विम्याची गरज आहे की नाही, हा प्रश्नच निघत नाही. पोरगा आलाय, नाही कसं म्हणायचं, म्हणून ती सही करते. वर्षाने दुसरा हप्ता येतो तेव्हा भीड संपलेली असते आणि पैसे नसतात. बचतीच्या पॉलिसीत पहिल्या एक-दोन वर्षांत हप्ते थांबवले तर हातात भरलेल्याहून कमीच येतं. विमा कंपन्या तेराव्या महिन्यात किती पॉलिसी चालू आहेत हा आकडा उगाच जपत नाहीत. भिडेखातर घेतलेली पॉलिसी तिथेच उघडी पडते. म्हणजे रिस्क होती, पण ती मावशीच्या नावावर टाकली होती. पॉलिसी लवकर बंद पडली तर कित्येक करारांत तुम्हाला दिलेलं कमिशनही पुढच्या बिलातून कापून घेतात. याला क्लॉबॅक म्हणतात. भाच्याला शब्दही माहीत नव्हता. मेसेजमध्ये कसा असेल?

आता पाचवा मुद्दा मधेच घेतो, कारण हिशेब इथेच लावायचा आहे. आजचा पगार महिन्याला 100 धरा, म्हणजे वर्षाला 1200. सरासरी पॉलिसीचा वार्षिक हप्ता 60 आणि पहिल्या वर्षाचं कमिशन 25 टक्के धरलं, तर एका पॉलिसीमागे 15 मिळतात. दर कंपनीप्रमाणे आणि योजनेप्रमाणे बदलतात, आपले आकडे आपण घालावेत.

पहिला महिना परीक्षा, परवाना आणि ट्रेनिंगमध्ये जातो, कमाई शून्य. पुढचे तीन महिने त्या तक्त्यावर निघतात. ओळखीत पाचातला एक हो म्हणतो असं उदारपणे धरलं तर शंभरात वीस पॉलिसी. तक्ता संपला की उरतात अनोळखी लोक, आणि तिथे धंद्यातला जुना आडाखा 10-3-1 असा आहे: दहा जणांशी बोला, तिघं भेट देतील, एक घेईल. महिन्याला तीन पॉलिसी म्हणजे तीस नवी माणसं आणि नऊ बैठका. ऐकायला कमी वाटतं. पण ती तीस माणसं आणायची कुठून, हाच खरा धंदा आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. तरी समजू, की उरलेल्या आठ महिन्यांत चोवीस पॉलिसी झाल्या.

एकूण चव्वेचाळीस, म्हणजे कागदावर 660. नेमणाऱ्याच्या स्लाइडवर हाच आकडा दिसतो. पण अर्ध्या लोकांनी हप्ता महिन्याला भरायचं ठरवलं तर कमिशनही जसजसा हप्ता येईल तसतसंच येतं, आणि डिसेंबरात विकलेल्या पॉलिसीचं बरंचसं कमिशन पुढच्या वर्षात जातं. या हिशेबाने वर्षअखेर हातात साधारण 520 येतात. चार-पाच पॉलिसी मधेच बंद पडल्या की 500 धरा. आता खर्च: प्रवास, फोन, कागदपत्रं, भेटवस्तू, कधी विकत घेतलेल्या लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांची नावं-नंबर. महिन्याला 15 म्हणजे फार नाही, पण वर्षाचे 180 होतात. उरले 320. पगाराच्या 1200 समोर 320, म्हणजे चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त. यात आजारपण, सुटी, कंपनीने भरलेला भविष्य निर्वाह निधी यातलं काहीच नाही, कर वेगळा. आणि हे काम जमलेल्या माणसाचं वर्ष आहे, न जमलेल्याचं नाही.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य करतो, नाइलाजाने. नूतनीकरणाचं कमिशन खरंच येतं. पण जीवन विम्यात ते पहिल्या वर्षाच्या तुलनेत बरंच खाली घसरतं. 60 च्या हप्त्यावर समजा 5 टक्के, म्हणजे पॉलिसीमागे 3. चव्वेचाळिसातल्या पस्तीस टिकल्या तर दुसऱ्या वर्षी 105, म्हणजे एका महिन्याचा पगार. हेच दहा वर्षं साठलं तर छान पेन्शन होते, असे एजंट मी पाहिलेत आणि त्यांचा मला आदर आहे. वाहन आणि आरोग्य विम्यात नूतनीकरणाचं उत्पन्न जास्त सपाट राहतं, म्हणून शहाणे एजंट तिकडेही पाय रोवतात. पण 'आयुष्यभर' या शब्दाला अटी असतात. ठरलेली वर्षं पूर्ण होण्याआधी तुम्ही बाहेर पडलात तर पुढचं नूतनीकरण कित्येकदा थांबतं. करारात ती ओळ शोधा, ती असते.

घर विकण्याच्या मुद्द्यावर भाचा सगळ्यात भाळला होता, म्हणून त्याचा गुणाकार त्याच्याचकडून करून घेतला. घराची किंमत पगाराच्या साठ पट, म्हणजे 6000. एकूण दलाली 4 टक्के, म्हणजे 240. इथवर त्याचे डोळे चमकत होते. पण विकणाऱ्याकडचा दलाल वेगळा असेल तर अर्धी त्याची, उरले 120. तुम्ही एखाद्या फर्मच्या नावाखाली काम करता, नवख्याला बहुधा निम्म्यावरच घेतात. उरले 60. सहा महिन्यांचा नाही, अठरा दिवसांचा पगार. पगाराची बरोबरी करायला वर्षात अशी वीस घरं विकावी लागतील, खर्च वेगळा.

आणि ते 60 सुद्धा सौदा पूर्ण झाल्यावर. बोलणी झाली, टोकन दिलं, तरी बँकेने कर्ज नाकारलं, मालकी हक्काच्या कागदात खोट निघाली किंवा भावंडांपैकी एकाने सही अडवली, की चार महिन्यांच्या फेऱ्या पाण्यात. नवख्याला पहिला ग्राहक मिळायला दोन-तीन महिने, सौदा मिटायला तितकेच, त्यामुळे पहिला पैसा सहाव्या महिन्यात दिसला तरी नशीब. शिवाय घर दाखवून झाल्यावर मालक आणि गिऱ्हाईक परस्पर भेटून दलाल बाजूला काढतात, हे रोजचं आहे. घर दाखवण्याआधी तारीख, पत्ता आणि गिऱ्हाइकाची सही असलेला कागद घेणारे दलाल टिकतात, बाकीचे भांडतात. सुरुवातीला चूल पेटती ठेवतात ती भाड्याची घरं. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही, कारण त्यात थरार नाही.

माझं पटत नसेल तर दलालांच्याच संघटनेचं ऐका. अमेरिकेतली नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स दरवर्षी आपल्या सदस्यांची पाहणी करते. 2022 या वर्षात सोळा किंवा त्याहून जास्त वर्षांचा अनुभव असलेल्यांचं मध्यक ढोबळ उत्पन्न 80,700 डॉलर होतं. दोन वर्षं किंवा त्याहून कमी अनुभव असलेल्यांचं? 9,600 डॉलर. वर्षाला. तिथल्या पूर्णवेळ नोकरदाराच्या मध्यक पगाराच्या पाचव्या हिश्शाइतकंही नाही. मध्यक म्हणजे अर्धे लोक याच्याही खाली, आणि ढोबळ म्हणजे खर्च वजा होण्याआधी. नवख्यांत अर्धवेळवाले बरेच असतात हे खरं, पण अर्धवेळ काम का करावं लागतं तेही विचारा. आणि वरचा आकडा पाहून हुरळू नका: जे मधे गळाले ते त्या रांगेत उभेच नाहीत.

चौथा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. बॉस नसतो, पण रोज सकाळी 'आज किती कॉल?' विचारणारा मॅनेजर असतो. टार्गेट नसतं, पण ठरलेला किमान धंदा वर्षात आला नाही तर नियुक्ती रद्द होऊ शकते.

भाच्याला मी 'जाऊ नको' म्हटलेलं नाही. नोकरी सांभाळून परवाना काढ, चालत असेल तर आधी अर्धवेळ बघ, आणि राजीनामा देण्याआधी किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेव, असं सांगितलं. आणि नेमणाऱ्याला विचारायला चार प्रश्न दिले. वर्षापूर्वी तुमच्याकडे आलेल्यांपैकी आज किती जण काम करतायत? त्यातल्या मधल्या माणसाला हातात किती मिळालं, वरच्याला नको? कमिशन कोणत्या परिस्थितीत परत कापता? मी सोडून गेलो तर माझ्या नूतनीकरणाचं काय? उत्तरं तोंडी नकोत, कराराच्या कलमावर बोट ठेवून हवीत. काल त्याने ते प्रश्न पाठवले. समोरून उत्तर आलं: "निगेटिव्ह विचार करणाऱ्यांचं हे क्षेत्र नाही."