भागाकार सोपा, दिवस अवघड

सिलिंडरच्या किमतीला तो जितके दिवस पुरला त्या संख्येने भागले, की स्वयंपाकाच्या गॅसचा रोजचा खर्च निघतो. तिसरीतल्या मुलालाही हे गणित जमेल. अडचण अशी, की ते आमच्या घरात सोडवावे लागते, आणि तिथे भागाकार जमणारी माणसे चार असली तरी भाज्य कोणते आणि भाजक कोणता यावर एकमत होणारी दोनसुद्धा नाहीत.

मुंबईत राहत असूनही आमच्या इमारतीत अजून पाइपचा गॅस आलेला नाही. त्यामुळे १४.२ किलोचे दोन सिलिंडर आळीपाळीने वापरायचे आणि नवा सिलिंडर जोडला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात ‘गॅस लावला’ असे लिहायचे, ही घराची जुनी पद्धत. २०२५ मधल्या २२ मेच्या चौकोनात ही नोंद आहे. तिच्याच खाली, त्याच अक्षरात, दूधवाला न आल्याचीही आहे. तो सिलिंडर संपला ६ जुलैला, म्हणजे नेमका आषाढी एकादशीला, साबुदाणा कढईत अर्धा पारदर्शक झालेला असताना. लावल्याचा दिवस धरला आणि संपल्याचा सोडला, तर मे महिन्याचे दहा, जूनचे तीस आणि जुलैचे पाच, असे पंचेचाळीस दिवस होतात. दोन्ही टोकांचे दिवस मोजले तर एका दिवसाची खोटी भर पडते, कारण एकादशीचा दिवस पुढच्या सिलिंडरच्या खात्यात जातोच. एवढ्यावर मात्र सर्वांची संमती मिळाली.

मग किमतीचा प्रश्न आला. ८ एप्रिलपासून घरगुती सिलिंडर पन्नास रुपयांनी महाग होऊन मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. मी तोच आकडा घेतला. आईने मात्र डब्यातून जुनी पावती काढून माझ्यासमोर ठेवली. हा सिलिंडर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आला होता आणि पहिला संपेपर्यंत ओट्याखाली उभा होता, म्हणून त्याचे आपण ८०२ रुपये ५० पैसेच दिले आहेत, असे तिचे म्हणणे. “दिले नाहीत ते पैसे खर्चात कसे धरतोस रे?” हा तिचा प्रश्न बिनतोड होता. पण माझेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. गेल्या महिन्यात किती गेले हे पाहायचे असेल तर पावतीवरची किंमत बरोबर. पुढच्या महिन्यात किती बाजूला ठेवायचे हे ठरवायचे असेल, तर आज मिळणाऱ्या सिलिंडरचीच किंमत घ्यावी लागते. पंचेचाळीस दिवसांनी भागल्यावर आईचा दिवस १७ रुपये ८३ पैशांना पडला आणि माझा १८ रुपये ९४ पैशांना. जिना चढून सिलिंडर आणणाऱ्याच्या हातावर ठेवलेले चहापाण्याचे पैसे यात धरायचे की नाहीत, हा वाद आम्ही पुढच्या सिलिंडरवर ढकलला.

खरा घाव बायकोने घातला. “अहो, मे महिन्याच्या शेवटी आपण पाच दिवस कोल्हापूरला होतो. तेव्हा इथला गॅस काय भिंतींसाठी जळत होता?” ते पाच दिवस वजा केल्यावर चाळीस उरले आणि दिवसाचा खर्च एकदम २१ रुपये ३१ पैशांवर गेला. सहलीला जाऊन खर्च वाढल्याचे ऐकले होते; न जळलेल्या गॅसमुळे तो वाढलेला प्रथमच पाहिला. तरीही बायकोचाच भाजक योग्य होता. सिलिंडर किती दिवस पुरेल याचा अंदाज चूल पेटलेल्या दिवसांवरूनच बांधता येतो, गैरहजेरीने फुगवलेल्या दिवसांवरून नव्हे. मुलीने लगेच आत्या आणि तिची दोन मुले राहून गेलेले दिवस दीडपट धरण्याची सूचना मांडली. आत्या माझी सख्खी बहीण असल्यामुळे त्या सूचनेवर मी मतदान होऊ दिले नाही.

दिवस मोजण्याच्या या पद्धतीचा मूळ दोष असा, की उत्तर सिलिंडर संपल्यावर मिळते, आणि तेव्हा ते कोणाच्याही उपयोगाचे नसते. म्हणून नव्या सिलिंडरपासून मी वजनाचा मार्ग धरला. प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. आमच्यावर १५.९ होते, म्हणजे भरलेला ३०.१ किलो भरायला हवा. प्रवासाच्या बॅगा मोजण्याच्या लटकत्या काट्यावर तो तसाच भरला. एक आठवडा गेल्यावर, सकाळी चहाच्या आधी, रेग्युलेटर बंद करून काढून ठेवला आणि पुन्हा वजन केले, तर २७.७ किलो. म्हणजे सात दिवसांत २.४ किलो, दिवसाला सुमारे ३४३ ग्रॅम. ८५२ रुपये ५० पैशांना १४.२ किलो म्हणजे किलोला साठ रुपये, ग्रॅमला सहा पैसे; त्या हिशेबाने दिवसाचे साधारण साडेवीस रुपये झाले. बायकोच्या आकड्याच्या इतक्या जवळचे उत्तर आल्यामुळे काटा विश्वासार्ह असल्याचे तिने जाहीर केले.

रोज वजन करण्याचा मोह मात्र टाळावा. असल्या काट्यात शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि दिवसाच्या साडेतीनशे ग्रॅमांत तो फार मोठा ठरतो. आठवड्याच्या अडीच किलोंत तो पचून जातो. शिवाय तीस किलोंचे ते धूड रोज लटकवण्याइतकी माझी कंबर माझ्या मतांशी सहमत नाही.

एकादशीचा रिकामा सिलिंडर परत देण्यापूर्वी मी तोही काट्याला लावला होता. कोरलेल्या वजनापेक्षा तो दोनशे ग्रॅम जास्त भरला. म्हणजे बारा रुपयांचा गॅस त्यात शिल्लक होता. “आडवा कर, येईल,” असे आई म्हणाली. तसे करू नये. सिलिंडर आडवा केला की वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो आणि ज्योत भडकते. बारा रुपयांसाठी हे धाडस केले नाही. आईने मात्र ते बारा रुपये माझ्या नावे मांडले.

ग्रॅमला सहा पैसे हा दर हाती आल्यापासून घरातल्या प्रत्येक ज्योतीला किंमत आली आहे. बर्नरची सुमारे दोन तृतीयांश उष्णता भांड्यात जाते असे धरले, तर साधे एक लिटर पाणी उकळायला साधारण दहा ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे त्या दराने साठ पैसे. अर्धा कप चहासाठी पातेलीभर पाणी ठेवणाऱ्या मुलीला मी हे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि आईशी सल्लामसलत केली. आता फ्रीजवर माझ्या नावाचा एक कागद चिकटवलेला आहे, आणि मी उशिरा घरी आल्यामुळे दुसऱ्यांदा गरम करावी लागलेली आमटी त्यावर ग्रॅममध्ये नोंदवली जाते.