समतोलाला E° शून्य होत नाही!

«१२वी केमिस्ट्री सुपर ट्रिक 🔥 (१) सेल समतोलाला आला की E° = 0. (२) E° प्लस असला की रिॲक्शन पुढेच जाणार, संहती काही पण असो. (३) समीकरणाला २ ने गुणलं की E° पण डबल. (४) संहती १० पट केली की व्होल्टेज १० पट. सगळ्या ग्रुपवर टाका.»

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या भाचीला हा मेसेज तिच्या वर्गाच्या ग्रुपवरून आला. पहिला मुद्दा तिनं चाचणीत जसाच्या तसा लिहिला आणि तीन गुण घालवले. रात्री फोन आला, "मामा, सरांनी तर वेगळंच सांगतलं होतं. मंग हे खरं का ते?" सरांचंच खरं. ज्यानं हा मेसेज बनवला त्यानं पाठ्यपुस्तकातला एक तक्ताही उघडून पाहिलेला नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात वाईट, कारण त्यातून पुढचं सगळंच बिघडतं. समतोलाला शून्य होतो तो E, म्हणजे त्या क्षणी सेल देत असलेला विभव. E° हा त्या दोन धातूंच्या जोडीचा, ठरलेल्या तापमानाचा पक्का आकडा आहे. बीकरमध्ये काहीही घडो, तो हलत नाही. दोन सूत्रं शेजारी ठेवा: ΔG = −nFE आणि ΔG° = −nFE° = −RT ln K. E° शून्य झाला तर ln K शून्य, म्हणजे K = १. मग जस्त-तांब्याच्या डॅनियल सेलमध्ये दोन्ही आयन सारख्या संहतीत असले की सेल मेलेला असायला हवा. प्रत्यक्षात तेव्हाच तो १.१० व्होल्ट देतो आणि त्याचा K सुमारे १०^३७ आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे मला थोडं कबूल करावं लागतं. डॅनियल सेलपुरतं तो व्यवहारात चालून जातो. K इतका प्रचंड असल्यावर संहती बदलून रिॲक्शन उलटी फिरवणं आपल्या हातात राहत नाही. पण तक्त्यात कथील आणि शिसं शोधा. कथील −०.१४, शिसं −०.१३. Sn + Pb²⁺ → Sn²⁺ + Pb या सेलचा E° भरतो फक्त +०.०१ व्होल्ट.

२५ अंश सेल्सिअसला नर्न्स्टचं समीकरण असं: E = E° − (०.०५९२/n) log Q. इथे n = २ आणि Q म्हणजे [Sn²⁺]/[Pb²⁺]. समजा कथलाचं द्रावण १ मोलर आणि शिशाचं ०.१ मोलर आहे. Q झाला १०, आणि E = ०.०१ − ०.०२९६ = −०.०१९६ व्होल्ट. ΔG आला सुमारे +३.८ किलोजूल. E° प्लस असूनही रिॲक्शन उलट्या दिशेनं जाणार: शिसं विरघळणार आणि कथील जमा होणार.

ती थांबणार कुठे? log K = २ × ०.०१ / ०.०५९२ = ०.३३८, म्हणून K साधारण २.१८. दोन्ही द्रावणांचं आकारमान सारखं धरलं, तर कथलाचं १ वरून ०.७५४ मोलरवर उतरतं आणि शिशाचं ०.१ वरून ०.३४६ वर चढतं. भागाकार करून पाहा, २.१८ येतो. Q आणि K जुळले, E शून्य झाला, सेल थांबला. E° मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत +०.०१ च होता. चाचणीत नेमकं हेच लिहायचं होतं.

२.१८ हा आकडा काटेकोर मानू नका. E° मध्ये एका मिलिव्होल्टचा फरक पडला तरी हा K आठ टक्क्यांनी बदलतो आणि तक्ता तर दोनच दशांशांपर्यंत आहे. प्रयोगशाळेत करून बघायलाही ही जोडी अवघड. कथलाचं द्रावण बहुधा क्लोराइडचं मिळतं आणि ते शिशाच्या द्रावणात मिसळलं की पांढरा साका बसतो. शिवाय Sn²⁺ हवेनं Sn⁴⁺ होत जातं, म्हणजे Q आपण मांडला तसा राहत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. समीकरण दुप्पट केलं की n दुप्पट होतो, डॅनियलचा ΔG° −२१२ वरून −४२४ किलोजूलच्या आसपास जातो आणि K चा वर्ग होतो. E° तोच १.१०.

चौथ्याला तर एक ओळ पुरे. डॅनियल सेलमध्ये तांब्याच्या आयनांची संहती दहापट केली, तर १.१० व्होल्टचे १.१३ होतात, अकरा होत नाहीत.