९६ बाजूंवर थांबूनही उत्तर पक्कं का असतं

पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. तो बहुभुजांच्या परिमितीवरून काढण्याच्या आर्किमिडीजच्या पद्धतीवर असा आक्षेप घेतला जातो:

“बहुभुजाच्या बाजू कितीही वाढवा, तो वर्तुळ होत नाही; म्हणून त्यातून निघणारा पाय चुकीचाच. शिवाय त्या सूत्रात साइन आणि १८० अंश असतात, म्हणजे पाय आधीच गृहीत धरलेला असतो. कंप्युटरवर बाजू वाढवत गेलात तर शेवटी उत्तर शून्य येतं, स्वतः करून पाहा.”

पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. आर्किमिडीजने बहुभुजाला वर्तुळ मानलंच नव्हतं. त्याने एक बहुभुज वर्तुळाच्या आत बसवला, एक बाहेरून, आणि परीघ या दोन परिमितींच्या मध्ये असलाच पाहिजे असं दाखवलं. आतली बाजू म्हणजे जीवा, आणि जीवा आपल्या कंसापेक्षा लहानच असते. बाहेरच्या बहुभुजासाठी क्षेत्रफळ पाहा. ते निम्मी परिमिती गुणिले त्रिज्या इतकं असतं आणि वर्तुळाचं निम्मा परीघ गुणिले त्रिज्या इतकं. बाहेरचा बहुभुज वर्तुळाला पोटात घेतो, म्हणून त्याचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून परिमितीही मोठी. ९६ बाजूंवर थांबून त्याने लिहिलं ते हे: पाय ३ १०/७१ पेक्षा मोठा आणि ३ १/७ पेक्षा लहान. हे विधान अंदाजे खरं नाही, पूर्ण खरं आहे. आपण शाळेत घोकतो तो २२/७ हा मुळात पायच्या वरची मर्यादा आहे.

आता साइनबद्दल. कॅल्क्युलेटरवर n × sin(180/n) दाबून पाय “काढला” असेल, तर आक्षेप रास्त आहे, कारण यंत्र अंशांचं रूपांतर करताना पायची साठवलेली किंमतच वापरतं. पण मूळ पद्धतीला कोनाच्या मापाची गरजच नाही. व्यास १ धरा. आतल्या षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी, कारण केंद्राशी सहा समभुज त्रिकोण बनतात. म्हणून आतली परिमिती नेमकी ३. बाहेरच्या षट्कोनाची परिमिती २√३, म्हणजे ३.४६४१. बाजू दुप्पट करताना फक्त बेरीज, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ लागतं. आतली परिमिती p आणि बाहेरची P असेल, तर

```
P = 2*p*P / (p + P)
p = sqrt(p*P)
```

दुसऱ्या ओळीत P नवीन आहे, p मात्र जुनाच. पहिल्या फेरीत १२ बाजूंना P = ३.२१५४ येतो, आणि ३ × ३.२१५४ चं वर्गमूळ ३.१०५८ हा नवा p. पुढे २४ बाजूंना ३.१३२६ ते ३.१५९७, ४८ ला ३.१३९४ ते ३.१४६१, ९६ ला ३.१४१० ते ३.१४२७. दोन्हींमधलं अंतर दर फेरीला साधारण चौथाई होतं. यात पाय कुठून आत शिरला, ते दाखवता येणार नाही.

वर्गमुळं तरी अंदाजानेच घेतली ना, असं कोणी म्हणेल. आर्किमिडीजची खरी कमाल मला इथेच दिसते. √३ हा २६५/१५३ पेक्षा मोठा आणि १३५१/७८० पेक्षा लहान, असे दोन अपूर्णांक त्याने घेतले आणि ज्या बाजूने चूक झाली तरी मर्यादा मोडणार नाही तोच त्या-त्या ठिकाणी वापरला. उरलेले अंक सोडताना खालची मर्यादा खालीच सोडायची आणि वरची वरच.

शून्य येतं, ही गोष्ट मात्र खरी आहे. मीही ते पाहिलं आहे. त्रिज्या १ असताना बाजू s दुप्पटीकरणाच्या या प्रचलित सूत्राने काढली की तसं होतं:

```
s = sqrt(2 - sqrt(4 - s*s))
```

s अगदी बारीक झाला की आतलं वर्गमूळ जवळजवळ २ होतं. कंप्युटर साधारण सोळा अंक ठेवतो. २ मधून जवळजवळ २ वजा केले की त्यातले बहुतेक खरे अंक नाहीसे होतात आणि उरते ती शेवटचे अंक सोडल्याने आलेली चूक. षट्कोनापासून सुरुवात केली तर पंचविसेक दुपटी ओलांडल्यावर ती वजाबाकी चक्क शून्य होते. पण बिघाड त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो, आणि तो ओळखता येतो: आतली निम्मी परिमिती, जी इथे पायच्या जवळ जाते, ती दर फेरीला वाढलीच पाहिजे. ती घटली किंवा पायच्या वर उडाली, की गणित तिथेच थांबवायचं. इलाज एका ओळीचा आहे. अंश आणि छेद दोन्हींना sqrt(2 + sqrt(4 - s*s)) ने गुणलं की वजाबाकी नाहीशी होते:

```
s = s / sqrt(2 + sqrt(4 - s*s))
```

भूमिती तीच, बहुभुज तोच. फक्त दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी टळते, आणि शंभर दुपटींनंतरही ३.१४१५९२६५३५८९७९ च्या आसपास आकडा स्थिर राहतो. लुडोल्फ फान क्यूलेन या गणितज्ञाने याच पद्धतीने २ च्या ६२ व्या घाताइतक्या बाजूंपर्यंत मजल मारली आणि ३५ दशांश स्थळं बरोबर काढली, तीही कागदावर. त्याला शून्य आलं नाही, कारण पुढच्या वजाबाकीत जाणारे अंक भरून काढण्याइतके जास्तीचे अंक त्याने सोबत ठेवले होते.